फोनवर सारखेच आकडे, मग शेत चौरस का नाही?

बीड जिल्ह्यातील दिंद्रुडच्या शिवारात फोनवर एका आयताकृती शेताचे कोपरे नोंदवले, असे समजा. दक्षिण व उत्तर बांधांच्या अक्षांशांत ०.००१ अंशाचा फरक आहे, पूर्व व पश्चिम बांधांच्या रेखांशांतही तेवढाच. शेत चौरस वाटेल, पण ते चौरस नाही. दक्षिणोत्तर बाजू सुमारे ११०.७ मीटर भरते, तर पूर्व-पश्चिम बाजू १०५.३ मीटरच.

कारण समजायला मोसंबी सोला. प्रत्येक फोड मध्यभागी रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती असते. रेखावृत्ते अशीच विषुववृत्तावर सर्वांत दूर असतात आणि ध्रुवावर एकत्र मिळतात. त्यामुळे एका अंश रेखांशाचे अंतर विषुववृत्तावर १११.३ किमी, दिंद्रुडच्या सुमारे १९ अंश अक्षांशावर १०५.३ किमी आणि ६० अंशांवर जवळपास निम्मे होते. आर्क्टिकमधील भारताच्या ‘हिमाद्री’ केंद्राजवळ, सुमारे ७९ अंशांवर, ते २१ किमीच उरते. हिशेबासाठी विषुववृत्तावरचे अंतर अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचे. १९ अंशांचा कोसाइन ०.९४६ आहे.

अक्षांशाचे तसे नाही. दक्षिणोत्तर जाताना आपण फोडीच्या पाठीवरून चालतो. ही कमान सगळीकडे जवळपास सारखीच वाकलेली असल्याने प्रत्येक अंशाला जवळपास तेवढेच अंतर लागते. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी आहे. तिथे वक्रता कमी असल्याने एक अंश पुढे सरकायला थोडे जास्त चालावे लागते. म्हणून हे अंतर विषुववृत्तावर ११०.६ किमी, तर ध्रुवाजवळ १११.७ किमी असते.

आता क्षेत्रफळ पाहू. दोन्ही बाजू ११०.७ मीटर धरल्या, तर शेत सुमारे ३ एकर १ गुंठा येते. योग्य बाजू धरल्या, तर २ एकर ३५ गुंठे. म्हणजे कागदावर सहा गुंठे फुगतात.

मोजणीचे ॲप सहसा ही दुरुस्ती स्वतःच करते. चूक होते ती अक्षांश-रेखांश हाताने वहीत किंवा एक्सेलमध्ये मांडताना. ती ओळखता येते. जीपीएसची चूक कधी इकडे, कधी तिकडे जाते. ही चूक मात्र दर वेळी पूर्व-पश्चिम बाजूच वाढवते, आणि तीही साधारण पाच टक्क्यांनी. शंका आली तर दोन्ही बाजू टेपने मोजून ताडून पाहा.

दुरुस्ती केली तरी फोनचे ठिकाण काही मीटरने चुकू शकते. शंभर मीटरच्या बांधावर एवढा फरकही मोठा असतो. म्हणून फोनवरचा आकडा बियाणे-खताच्या अंदाजापुरता ठीक आहे. बांधाचा वाद असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयाकडूनच मोजणी करून घ्यावी लागते.