अंडं ओव्हनबाहेर आल्यावर का फुटतं?

अमेरिकेत एका ग्राहकाने एका रेस्टॉरंटवर दावा लावला. मायक्रोवेव्हमध्ये पुन्हा गरम केलेलं उकडलेलं अंडं दाताखाली येताच फुटलं, तोंड भाजलं आणि कानांनाही इजा झाली, अशी त्याची तक्रार होती. या दाव्याच्या निमित्ताने ध्वनितज्ज्ञांनी जवळपास शंभर उकडलेली अंडी मायक्रोवेव्हमध्ये तापवून पाहिली आणि २०१७ साली अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या अधिवेशनात निष्कर्ष मांडले. काही अंडी ओव्हनमध्येच फुटली. साधारण तीस टक्के अंडी मात्र बाहेर काढून टोकदार थर्मामीटर खुपसल्यावर फुटली. कानांचा प्रश्न वादाचाच राहिला. चटक्याबद्दल शंका घ्यायला मात्र जागा नव्हती.

अंडं आत असताना शांत आणि बाहेर आल्यावर फुटतं, हे विचित्र वाटतं. पण मायक्रोवेव्ह अन्न कसं तापवतो ते कळलं की कोडं सुटतं.

गॅसवर आधी भांडं तापतं, मग भांड्यातलं अन्न. मायक्रोवेव्हमध्ये ज्वाळा नाही, तापलेली तारही नाही. मॅग्नेट्रॉन नावाची एक नळी विजेपासून रेडिओलहरींच्याच जातीच्या लहरी तयार करते. या लहरींचं विद्युतक्षेत्र सेकंदाला सुमारे २४५ कोटी वेळा हेलकावतं. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन, दुसरी किंचित ऋण असते, त्यामुळे प्रत्येक हेलकाव्याबरोबर तो वळायला बघतो. शेजारचे रेणू त्याला सुखाने वळू देत नाहीत. या ओढाताणीत लहरींची ऊर्जा उष्णतेत बदलते. काच आणि चिनी माती या लहरी फारशा शोषत नाहीत, म्हणून ती भांडी तापतात ती मुख्यतः आतल्या गरम अन्नामुळे. बर्फातले रेणू जागच्या जागी जखडलेले असल्याने गोठलेलं अन्नही सावकाश तापतं.

मायक्रोवेव्ह अन्न आतून बाहेर शिजवतो, हा समज मात्र चुकीचा आहे. लहरी अन्नात दोन-तीन सेंटीमीटरच शिरतात आणि वाटेत क्षीण होत जातात. बटाट्याचा गाभा बाहेरून येणाऱ्या उष्णतेनेच शिजतो. अंडं मात्र एवढं लहान की लहरी थेट बलकापर्यंत पोचतात.

तिथेच घोटाळा होतो. उकडलेल्या बलकात पाणी असतं, पण ते प्रथिनं आणि चरबीच्या घट्ट जाळ्यात बारीक कप्प्यांमध्ये अडकलेलं. पाणी उकळायला बुडबुड्याची सुरुवात कुठेतरी व्हावी लागते. ती झाली नाही तर पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही द्रवच राहतं. त्या चाचण्यांत अंड्यांभोवतीच्या पाण्यापेक्षा बलक सरासरी बारा अंशांनी जास्त तापलेला आढळला. अशा बलकात दात किंवा काटा शिरला की एका कप्प्यातलं पाणी उसळतं, त्याच्या धक्क्याने शेजारचं, आणि क्षणात सगळ्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की तिला साधारण सोळाशे पट जागा लागते. कच्चं, टरफलासकट ठेवलेलं अंडं तर शिट्टी नसलेला कुकरच. टरफलाच्या सूक्ष्म छिद्रांतून एवढी वाफ वेळेवर निसटत नाही, म्हणून ते बहुधा आतच फुटतं.

धातूची गोष्ट वेगळी. धातू लहरी शोषत नाही, परतवतो. ओव्हनच्या आतल्या भिंतीही धातूच्याच आहेत आणि दारावरच्या जाळीची छिद्रं लहरीच्या बारा सेंटीमीटर लांबीपुढे इतकी लहान की लहरी बाहेर पडत नाहीत. म्हणजे धातू असणं हा गुन्हा नाही, त्याचा आकार महत्त्वाचा. लहरींमुळे धातूतले इलेक्ट्रॉन मागेपुढे धावतात आणि टोकांवर, कडांवर दाटतात. काट्याच्या दोन दातांमध्ये किंवा चुरगळलेल्या फॉइलच्या सुरकुत्यांमध्ये विद्युतक्षेत्र इतकं तीव्र होतं की मधली हवाच वीज वाहू लागते. तीच ठिणगी. सपाट चमच्याने काही होत नाही आणि लग्नात मिळालेली सोनेरी काठाची कपबशी चटचट करते, ती यामुळे. तो काठ धातूचा इतका पातळ थर असतो की त्यातून वाहणाऱ्या प्रवाहाने तो जळूनही जातो. ठिणगी कागदाच्या पिशवीला किंवा प्लास्टिकला लागली तर आग लागते.

ठिणग्या दिसल्या तर ओव्हन बंद करा. आतून ज्वाळा दिसत असतील तर दार उघडू नका, प्लग काढा आणि आग विझू द्या. उकडलेलं अंडं गरम करायचंच असेल तर ते टरफल काढून, बलकापर्यंत चिरून, तुकडे करून ठेवा. नुसतं टोचून भागत नाही, कारण काट्याचं एक छिद्र बलकातले सगळे कप्पे मोकळे करत नाही. त्यापेक्षा अख्खं अंडं कढत पाण्यात पाच मिनिटं बुडवून ठेवणं केव्हाही बरं.