चार्ज दिला, म्हणजे नक्की काय दिलं?

नाशिकरोडच्या एका पक्षिमित्र संस्थेची नवी कार्यकारिणी जरा नाराज होती. संस्थेची वेबसाइट वर्षानुवर्षं विनामोबदला सांभाळणारे काका आता थांबणार होते. जाण्याआधी त्यांनी आठ पानांचं टिपण करून दिलं, पण त्यात एकही पासवर्ड नव्हता. ‘‘सगळं लिहिलंय, जे हवं तेच नाही,’’ असं कोषाध्यक्ष मला म्हणाले. ज्या टिपणात पासवर्ड नाहीत त्यात आठ पानं भरून काय असेल, हे पाहावं म्हणून मी त्यांच्या रविवारच्या बैठकीला गेलो.

काका नोट प्रेसमधून सेवानिवृत्त झालेले. ‘‘आमच्याकडे चार्ज म्हणजे मोजून द्यायचा आणि मोजून घ्यायचा. सही त्यानंतर,’’ ते म्हणाले. टिपणाच्या पहिल्या पानावर एक तक्ता होता. डोमेन, होस्टिंग, ईमेल, साइटचं ॲडमिन खातं आणि यूट्यूब चॅनेल अशा पाच ओळी, आणि प्रत्येकीपुढे चार रकाने: खातं कोणाच्या नावावर आहे, मुदत कधी संपते, पैसे कुठून जातात आणि ओटीपी कोणत्या मोबाइलवर येतो. पासवर्ड वेगळ्या पासवर्ड मॅनेजरमध्ये होते आणि त्याची मुख्य किल्ली अध्यक्षांच्या ताब्यातल्या मोहोरबंद पाकिटात. टिपणाची झेरॉक्स निघणार, कोणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकणार, हे गृहीत धरूनच काकांनी ते लिहिलं होतं.

बैठकीत एक आकडा पुन्हा पुन्हा येत होता: ९० दिवस. आधी तो सचिवताईंनी काढला. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. ती फाइल त्यांनी तयार ठेवली होती. काका म्हणाले, ‘‘मोबाइललाही ९० दिवसच आहेत, ताई.’’ प्रीपेड सिम ९० दिवस वापरलंच नाही आणि त्यात २० रुपयेही शिल्लक नसतील, तर कंपनी ते बंद करू शकते. काही काळाने तोच नंबर दुसऱ्या ग्राहकाला मिळतो आणि संस्थेचे ओटीपी परक्या माणसाच्या फोनवर जाऊ लागतात. संस्थेच्या नावाचं सिम एका जुन्या बटणाच्या फोनमध्ये, कपाटाच्या खणात पडलेलं होतं. त्याचं रिचार्ज हे टिपणातलं पहिलं काम होतं.

तिसरे ९० दिवस साइटच्या सुरक्षा-प्रमाणपत्राचे. लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र तेवढंच चालतं. सर्व्हर ते मुदतीआधी आपोआप नवं करतो, पण एखाद्या वेळी ते झालं नाही तर साइट उघडताच ब्राउझर धोक्याचा इशारा देतो. पूर्वी मुदत जवळ आली की लेट्स एन्क्रिप्टकडून ईमेल यायचा. २०२५ च्या जूनपासून तो बंद झाला आहे. म्हणून महिन्यातून एकदा पत्त्याशेजारच्या चिन्हावर टिचकी मारून तारीख स्वतः बघा, असं टिपणात लिहिलं होतं.

टिपणाची तब्बल दोन पानं डोमेनवर खर्ची पडली होती. मला ती वाचल्याशिवाय त्यांचं महत्त्व कळलं नसतं. डोमेन म्हणजे साइटचा पत्ता. तो विकत मिळत नाही, मुदतीने मिळतो, आणि एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नोंदता येतो. संस्थेचा ईमेलही याच पत्त्यावर चालतो आणि खरी गोम तिथेच आहे. डोमेनचं खातं उघडताना संपर्कासाठी संस्थेचाच ईमेल दिला, तर मुदत चुकल्यावर साइटबरोबर ईमेलही बंद पडतो. मग नूतनीकरणाची आठवण आणि पासवर्ड बदलण्याची लिंक, दोन्ही त्याच बंद पेटीकडे निघतात. साइट बंद पडलेली निदान दिसते, ईमेलचं मात्र काहीच बिघडलेलं दिसत नाही, फक्त कोणाचा ईमेल येत नाही. चार दिवस पत्र आलं नाही म्हणून कोण शंका घेणार?

त्यांचं डोमेन .org चं आहे. मुदत संपल्यावर काही दिवस नेहमीच्या दरात ते परत घेता येतं. त्यानंतरचे ३० दिवस जादा दंड भरून सोडवून घेण्याचे असतात, आणि पुढच्या पाच दिवसांत कोणालाच काही करता येत नाही. मग तो पत्ता जगात कोणीही नोंदवू शकतो. नांदूर मध्यमेश्वरच्या पक्ष्यांच्या जुन्या याद्या ज्या पत्त्यावर आहेत, तिथे उद्या जुगाराची जाहिरात दिसू शकते. म्हणून काकांनी डोमेनचं खातं बाहेरच्या एका स्वतंत्र ईमेलला जोडलं आणि त्याची चावी अध्यक्ष व सचिव या दोघांकडे ठेवली.

पैशाचा रकाना आला तेव्हा कोषाध्यक्ष गप्प झाले. संस्थेचं खातं दोन सह्यांच्या चेकवर चालतं, कार्ड नाही. त्यामुळे आजवर काका स्वतःच्या कार्डाने भरत आणि पावती कधी देत, कधी देत नसत. मला हे औदार्यच वाटलं, पण काकांनी ते धोका म्हणून नोंदवलं होतं. माणूस गेला की कार्ड गेलं, आणि बिल त्याच्या नावावर असेल तर मालकीचाही घोळ होऊ शकतो. आता पाच वर्षांचं शुल्क एकदम, संस्थेच्या नावाच्या बिलावर आणि व्हाउचर करून भरायचं ठरलं. ऑडिटरलाही हेच सोयीचं.

बॅकअप, लेख चढवणं, प्लगइन अद्ययावत करणं ही कामं पुढच्या एका पानात आटोपली होती. त्यातलं एकच वाक्य जाड अक्षरात होतं: बॅकअप दुसरीकडे उघडून पाहिल्याशिवाय तो बॅकअप धरू नये.

मग काकांनी हात मागे बांधले आणि सचिवताईंना फक्त टिपण वाचून साइटवर एक सूचना लावायला सांगितलं. लॉग-इन झालं. सूचनाही लागली. ईमेलच्या गूगल खात्यात शिरताना मात्र गाडी अडली, कारण ओटीपी काकांच्याच फोनवर वाजला. तक्त्यात संस्थेचं सिम लिहिलं होतं, खात्यात अजून जुनाच नंबर होता. तो तिथेच बदलला. नंबर बदलल्यावरही गूगल सात दिवसांपर्यंत जुन्या नंबरवर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतं, त्यामुळे त्या आठवड्यात काकांनी फोन जवळ ठेवायचं ठरलं. गूगलने दिलेले आठ अंकी दहा राखीव कोड कागदावर उतरवून पाकिटात गेले. प्रत्येक कोड एकदाच चालतो.

टिपणातली शेवटची सूचना होती: मला काढून टाका. हे ऐकून खोलीत चुळबुळ झाली. ‘‘काका, तुमचं नाव राहू द्या की, आम्हाला आधार वाटेल,’’ ताई म्हणाल्या. काकांनी मान हलवली. ‘‘फोन कर, मी सांगेन. पण किल्ली माझ्याकडे नको.’’ मला ते पटलं. आपल्या संस्थांमध्ये जुन्या माणसाचा मान राखायचा म्हणून त्याचं खातं तसंच ठेवतात. मग त्याचा जुना पासवर्ड कुठे फुटला, तर आत शिरणाऱ्याला सगळे अधिकार आयते मिळतात आणि आळ त्या माणसावर येतो. ताईंनी काकांसमोरच त्यांचे ॲडमिनचे अधिकार काढले, त्यांचे लेख त्यांच्या नावावर तसेच ठेवले, आणि टिपणाच्या शेवटी तारीख घालून दोघांनी सह्या केल्या. कोषाध्यक्षांनी त्याची एक प्रत चेंज रिपोर्टच्या फाइलला लावायला मागून घेतली.