बाजाररचना आणि गेम थिअरी : सात दिवस, एकच उदाहरण

बाजाररचना व गेम थिअरीच्या परीक्षेस सात दिवस उरले असता प्रत्येक प्रकरणासाठी नवे उदाहरण घेऊ नये. एकच बाजार सातही दिवस सोबत ठेवावा, असे आम्ही आपल्या घरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सुचवितो. मागणी P = 100 − Q, आणि प्रत्येक नगाचा सीमांत खर्च 28, एवढे पुरेसे आहे.

पहिल्या दिवशी पूर्ण स्पर्धा घ्यावी. तेथे किंमत सीमांत खर्चाइतकी, म्हणजे 28 असते आणि उत्पादन 72. दुसऱ्या दिवशी मक्तेदारी. सीमांत प्राप्ती 100 − 2Q ही 28 बरोबर मांडली की उत्पादन 36, किंमत 64 आणि नफा 1296 येतो.

तिसरा दिवस पूर्णपणे कूर्नोसाठी राखावा, कारण गुण येथेच जातात. दोन उत्पादक असता पहिल्याची प्रतिक्रिया q₁ = (72 − q₂)/2 अशी येते. दोघे सारखे असल्याने प्रत्येकी 24 नग, किंमत 52 आणि नफा 576. मात्र अनेक विद्यार्थी q₁ = q₂ ही अट विकलनाआधीच घालतात; मग उत्तर प्रत्येकी 18 येते. ही चूक ओळखणे सोपे आहे. एकूण उत्पादन मक्तेदाराच्या 36 इतकेच आले, तर आपण स्पर्धेऐवजी संगनमत सोडविले आहे. कूर्नोचे उत्पादन 36 आणि 72 यांच्या मध्येच असले पाहिजे.

चौथ्या दिवशी निर्णयाची रीत बदलून पाहावी. दोघे एकसारखा माल विकून किमतीवर स्पर्धा करू लागले, तर बर्ट्रांडप्रमाणे किंमत थेट 28 वर येते. एकाने आधी उत्पादन ठरविले, तर स्टॅकेलबर्गप्रमाणे तो 36 व दुसरा 18 नग काढतो.

पाचव्या दिवशी 18 आणि 24 या दोनच पर्यायांचा तक्ता करावा. दोघांनी 18 काढल्यास प्रत्येकी 648, दोघांनी 24 काढल्यास 576. एकानेच 24 काढल्यास त्याला 720 व दुसऱ्याला 540. समोरचा काहीही करो, 24 हाच पर्याय सरस ठरतो. म्हणून नॅश समतोल 576 वर, दोघांच्याही तोट्याचा.

सहाव्या दिवशी हाच खेळ अनंत वेळा खेळावा. करार मोडल्यास आज 72 अधिक मिळतात, पुढे प्रत्येक फेरीत 72 कमी. म्हणून वटाव गुणक किमान 1/2 असेल तरच करार टिकतो. शेवटची फेरी ठाऊक असेल, तर तो पहिल्याच फेरीत कोसळतो.

सातव्या दिवशी नवे काही वाचू नये. जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी आणि प्रत्येक उत्तरापाशी विचारावे : हे उत्पादन मक्तेदारी आणि पूर्ण स्पर्धा यांच्या दरम्यान कोठे बसते?