क्रिप्टो पाठवलं, ब्लॉकचेनवर पोचलं, पण एक्सचेंजच्या खात्यात दिसत नाही? किमान रकमेची ही अट आधी तपासा

समजा, एका एक्सचेंजवर तुमचे 10 यूएसडीटी पडून आहेत. दुसऱ्या एक्सचेंजवर ते हलवायचे म्हणून तुम्ही तिथला ॲड्रेस कॉपी केला, ट्रॉन नेटवर्क म्हणजे TRC20 निवडलं आणि पाठवून दिले. पहिलं एक्सचेंज सांगतं, पैसे गेले. दुसरीकडे मात्र बॅलन्स शून्य. एक तास गेला, रात्र गेली, तरी काहीच नाही.

ॲड्रेस बरोबर, नेटवर्क बरोबर, मग गडबड कुठे झाली? बऱ्याचदा डिपॉझिटच्या पानावरच्या एका बारीक ओळीत. `Minimum deposit: 10 USDT`. तुम्ही पाठवले 10, पण पहिल्या एक्सचेंजने पाठवणावळ म्हणून 1 यूएसडीटी कापून घेतला आणि पोचले 9. किमान रकमेपेक्षा एक कमी. म्हणून ते जमाच झाले नाहीत. (हे आकडे उदाहरणापुरते आहेत. प्रत्येक एक्सचेंजची, प्रत्येक कॉइनची आणि त्याच कॉइनच्या प्रत्येक नेटवर्कची किमान रक्कम वेगळी असते.)

मग ते 9 यूएसडीटी गेले कुठे?

कुठेच गेले नाहीत. तुम्हाला दिलेल्या डिपॉझिट ॲड्रेसवरच ते पडून आहेत. गोष्ट एवढीच आहे की त्या ॲड्रेसला आपण 'माझा' म्हणत असलो तरी त्याची चावी, म्हणजे प्रायव्हेट की, एक्सचेंजकडे असते. तुमच्या ॲपमध्ये दिसणारा बॅलन्स ही एक्सचेंजच्या वहीतली नोंद आहे. ब्लॉकचेनवर पैसे पोचले म्हणजे वहीत नोंद झालीच, असं नसतं.

एक्सचेंज साधारणपणे अशा हजारो ॲड्रेसवर आलेले पैसे गोळा करून आपल्या मुख्य वॉलेटमध्ये नेतं. या गोळा करण्यालाही नेटवर्कची फी लागते. ट्रॉनवर ती फी यूएसडीटीत भरता येत नाही, तिथे टीआरएक्स किंवा त्या बदल्यात मिळणारी 'एनर्जी' लागते. तुमच्या ॲड्रेसवर तर फक्त यूएसडीटी आहेत. म्हणजे एक्सचेंजने आधी फीची सोय करायची आणि मग ते 9 यूएसडीटी उचलायचे. रक्कम अगदीच लहान असेल तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असा प्रकार होतो.

बिटकॉइनमध्ये हेच गणित आणखी स्पष्ट दिसतं. तिथे आलेलं प्रत्येक डिपॉझिट हा एक सुटा तुकडा असतो आणि पुढे खर्च करताना फी तुकड्यागणिक वाढते. सध्याच्या प्रचलित प्रकारच्या ॲड्रेसवरचा एक तुकडा व्यवहारात साधारण 68 व्हर्च्युअल बाइट जागा घेतो. नेटवर्कचा दर बाइटमागे 20 सातोशी असेल तर तो तुकडा नुसता उचलायलाच सुमारे 1,360 सातोशी जातात. म्हणजे कोणी 1,000 सातोशी पाठवले असतील तर ते उचलणं एक्सचेंजला तोट्यातच पडणार.

कारण पटण्यासारखं आहे. मात्र किमान रक्कम किती ठेवायची हे एक्सचेंजच ठरवतं आणि ती नेहमी फीच्या प्रमाणातच असते, असं नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आधी खात्री करून घ्या

पैसे न दिसण्याची कारणं अनेक असतात, त्यामुळे अडचण किमान रकमेचीच आहे का, ते स्वतः बघा. ज्या वॉलेटमधून किंवा एक्सचेंजवरून पैसे पाठवले तिथे त्या व्यवहाराचा `TxID` मिळतो. आकडे आणि अक्षरांची ती लांबलचक ओळ ट्रॉनसाठी tronscan.org वर, इथेरियमसाठी etherscan.io वर किंवा बिटकॉइनसाठी mempool.space वर टाका.

तिथे चार गोष्टी बघायच्या. व्यवहार यशस्वी झाला आहे का, ॲड्रेस तुम्हाला दिलेलाच आहे का, कॉइन आणि नेटवर्क तेच आहे का, आणि नेमकी किती रक्कम पोचली. चौथा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. तुम्ही किती पाठवले याला अर्थ नाही, पोचले किती यावर सगळं ठरतं. पहिल्या तिन्ही गोष्टी बरोबर असतील, पुरेशी कन्फर्मेशन्स झालेली असतील आणि चौथा आकडा किमान रकमेच्या खाली असेल, तर कारण सापडलं. ज्या कॉइनला ॲड्रेससोबत मेमो किंवा टॅग लागतो, तिथे तो टाकला होता का हेही बघा. तो राहिला असेल तर ती वेगळी अडचण आहे आणि तिचा उपायही वेगळा.

आता डिपॉझिटच्या पानावरच्या त्या किमान रकमेचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. ही रक्कम बदलत असते. उद्या वाद झाला तर आज काय लिहिलं होतं याचा पुरावा हाताशी हवा.

वरून 1 यूएसडीटी पाठवला तर?

सगळ्यांना पहिल्यांदा हेच सुचतं. कमी पडतोय एक, मग एक पाठवून दहा पूर्ण करू. थांबा. इथेच दुसऱ्यांदा पैसे अडकतात.

एक्सचेंजचे नियम दोन प्रकारचे असतात. काही ठिकाणी एकाच ॲड्रेसवर आलेल्या लहान रकमांची बेरीज धरतात आणि ती किमान रकमेपर्यंत पोचली की सगळी जमा करतात. काही ठिकाणी मात्र प्रत्येक डिपॉझिट स्वतंत्र मोजतात. अशा ठिकाणी तुम्ही पाठवलेला एक यूएसडीटीही त्याच खड्ड्यात जाईल आणि पाठवणावळ गेली ती वेगळीच. कुठला नियम आहे ते डिपॉझिटच्या पानावरच्या सूचनेत किंवा मदत विभागात लिहिलेलं असतं. तसं नसेल तर विचारून लेखी उत्तर घ्यायचं.

त्या एक्सचेंजवर तुम्हाला तसेही आणखी पैसे टाकायचेच असतील, तर सोपा मार्ग आहे. पुढचं डिपॉझिट स्वतःच किमान रकमेच्या वर ठेवा. समजा 50 यूएसडीटी, त्याच ॲड्रेसवर, त्याच नेटवर्कवरून. बेरजेचा नियम असेल तर 59 जमा होतील. नसेल तरी 50 कुठे जात नाहीत. मात्र फक्त ते 9 सोडवण्यासाठी, मनात नसताना 50 टाकू नका. आणि पाठवण्याआधी ॲपमध्ये अजून तोच जुना ॲड्रेस दिसतोय ना, हेही बघा. काही एक्सचेंज वेळोवेळी नवा ॲड्रेस देतात.

सपोर्टला नेमकं काय विचारायचं

'माझे पैसे आले नाहीत, मदत करा' एवढंच लिहिलं तर ठरावीक छापील उत्तर येतं. त्याऐवजी ॲपच्या आतूनच तिकीट उघडा आणि असं काहीतरी लिहा:

"माझा यूझर आयडी अमुक. अमुक तारखेला, अमुक वाजता TRC20 वरून 9 यूएसडीटी माझ्या अमुक डिपॉझिट ॲड्रेसवर आले. TxID सोबत दिला आहे. हे किमान रकमेपेक्षा कमी असल्यामुळे जमा झालेले नाहीत का? असल्यास, त्याच ॲड्रेसवर पुढे येणाऱ्या रकमेत ते धरले जातात का? हाताने जमा करण्याची किंवा परत पाठवण्याची सोय आहे का, आणि त्याची फी किती?"

फीचा प्रश्न मुद्दाम विचारायचा. 9 यूएसडीटी म्हणजे काहीशे रुपये. ते परत मिळवण्याची फी याहून जास्त निघाली तर तिथेच थांबलेलं बरं.

'नियमानुसार जमा होणार नाही' असं उत्तर आलं तरी एक गोष्ट अधूनमधून बघत राहा. तुमचा डिपॉझिट ॲड्रेस ट्रॉनस्कॅनवर टाका. ते 9 यूएसडीटी अजून तिथेच पडून असतील, तर एक्सचेंजने ते उचललेले नाहीत. पण एखाद्या दिवशी तिथून बाहेर गेलेला व्यवहार दिसला, तर एक्सचेंजने ते उचलून आपल्याकडे नेले असा त्याचा अर्थ होतो. वरच्या उदाहरणात तुम्ही 50 टाकलेत आणि ॲड्रेसवरून 59 बाहेर गेले, पण तुमच्या खात्यात 50 च दिसले, तर 'उचलायला परवडत नाही' हे कारण उरत नाही. त्या बाहेर गेलेल्या व्यवहाराचा TxID जोडून तेच तिकीट पुन्हा उघडा आणि उरलेल्या 9 बद्दल विचारा. पैसे मिळतीलच अशी खात्री नाही, पण आता छापील उत्तर देऊन तुम्हाला वाटेला लावणं त्यांना तितकंसं सोपं नाही. मेमो किंवा टॅगवाल्या कॉइनमध्ये मात्र एकच ॲड्रेस अनेकांना दिलेला असतो, तिथे असं ओळखता येत नाही.

'रिकव्हरी' करून देणारे

एक्स किंवा टेलिग्रामवर या अडचणीबद्दल एक पोस्ट टाका, पाच मिनिटांत कोणीतरी 'सर, डीएम करा' म्हणत हजर होतं. नाव आणि लोगो कधी कधी एक्सचेंजचाच असतो. कोणी वॉलेट 'व्हेरिफाय' करायला 12 शब्दांचा सीड फ्रेज मागतं, कोणी आधी थोडी फी मागतं. त्या ॲड्रेसची चावी फक्त एक्सचेंजकडे आहे, बाहेरचा कोणीही तिथून एक सेंटसुद्धा हलवू शकत नाही. मग तो पैसे काढून देणार कुठून? अशा कोणाला पैसे किंवा सीड फ्रेज देऊन बसला असाल, तर उरलेलं सगळं ताबडतोब नव्या वॉलेटमध्ये हलवा आणि 1930 वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा.

भारतात दाद कुठे मागायची?

बँकेने पैसे अडकवले तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. क्रिप्टो एक्सचेंजसाठी तसा लोकपाल नाही. मार्च 2023 पासून एक्सचेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आली आणि त्यांना एफआययू-इंडियाकडे नोंदणी करावी लागते. पण ती नोंदणी काळ्या पैशावर लक्ष ठेवण्यासाठी आहे, तुमचे 9 यूएसडीटी मिळवून देणं हे तिचं काम नाही.

राहतो तो ग्राहक म्हणून असलेला मार्ग. आधी एक्सचेंजच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करायचा, मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. किमान रकमेची अट तुम्हाला आधीच स्पष्ट दाखवलेली होती, हे एक्सचेंजचं उत्तर असणार. त्यामुळे अट दाखवलीच नव्हती, मागाहून बदलली, किंवा पैसे उचलून नेले तरी नोंद केली नाही, यातलं काहीतरी स्क्रीनशॉट आणि TxID सकट दाखवता आलं तरच या वाटेला जाण्यात अर्थ आहे. एक्सचेंज परदेशी असेल आणि भारतात त्याचं ऑफिसच नसेल, तर काहीशे रुपयांसाठी ही वाट फार लांबची आहे.

जाता जाता, 'आधी थोडे पाठवून बघा' हा सल्ला सगळेच देतात आणि तो चांगलाही आहे. पण ते 'थोडे' म्हणजे किमान रक्कम अधिक पाठवणावळ, याहून कमी नको. वरच्या उदाहरणात 11 यूएसडीटीच्या खालची कुठलीही टेस्ट ॲड्रेस अगदी बरोबर असूनही फेलच झालेली दिसली असती. पाठवण्याआधीच्या शेवटच्या स्क्रीनवर 'मिळणारी रक्कम' दाखवतात, ताडून बघायचा आकडा तोच.