निबंधकांनी तुमचे लग्न पाहिलेले नाही

लग्न नोंदवायला गेलेल्या जोडप्याला सगळ्यात जास्त वैताग येतो तो कागदांचा. आधार कार्ड दिले तरी शाळा सोडल्याचा दाखला हवा, दाखला दिला तरी लग्नपत्रिका हवी, पत्रिका दिली तरी भटजींची सही हवी, आणि वर तीन साक्षीदार स्वतः हजर हवेत. हे सगळे उगाच मागतात असे वाटते. पण खिडकीपलीकडच्या माणसाची बाजू पाहिली की प्रत्येक कागदाचे कारण कळते. त्याने तुमचे लग्न पाहिलेले नाही. तरीही अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, या दोघांचे लग्न झाले असे सही-शिक्क्यानिशी लिहून द्यायचे काम त्याचे आहे.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. आपल्याकडे ‘रजिस्टर लग्न’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न करायचे तर आधी नोटीस द्यावी लागते, तीस दिवस थांबावे लागते आणि मग त्या अधिकाऱ्यासमोर लग्न लागते. त्याचे प्रमाणपत्र तिथेच मिळते. दुसरी गोष्ट म्हणजे मांडवात, विहारात, मशिदीत किंवा घरी आधीच लागलेल्या लग्नाची नोंद करणे. महाराष्ट्रात ही नोंद १९९८ च्या विवाह मंडळांचे विनियमन व विवाह नोंदणी कायद्याखाली होते. हा लेख या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

या नोंदीने लग्न लागत नाही, हे पक्के लक्षात ठेवावे. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका निकालात हे स्पष्ट केले. हिंदू विवाह कायद्यानुसार आवश्यक विधी झालेच नसतील, तर नुसत्या प्रमाणपत्राने दोघे पती-पत्नी ठरत नाहीत. व्हिसाची घाई आहे म्हणून आधी कागद करून ठेवू, विधी सवडीने करू, असा विचार करणाऱ्यांना हा इशाराच आहे. उलट बाजूने, नोंदणी राहिली म्हणून विधिवत झालेले लग्न रद्दही होत नाही. मात्र सर्व धर्मांच्या विवाहांची नोंद सक्तीची करावी, असे निर्देश त्याच न्यायालयाने २००६ मध्ये राज्यांना दिले होते. पुरावा मागायची वेळ आली की ती नोंदच कामी येते.

कुठे आणि कधी

गावात हे काम ग्रामपंचायतीत होते. तिथे ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, निबंधक असतात. शहरात नगरपालिका किंवा महापालिकेच्या विभाग कार्यालयात जावे लागते. मुंबईत हे काम विभागाच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे असते, त्यामुळे जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या खिडकीशेजारीच लग्नाच्या नोंदीची रांग दिसते. वर किंवा वधू यांपैकी एकाचा पत्ता त्या कार्यालयाच्या हद्दीतला असावा लागतो. अनेक महापालिकांत अर्ज आणि वेळेची नोंद ऑनलाइन होते, पण शेवटी सगळ्यांना प्रत्यक्ष जावेच लागते.

लग्नाच्या तारखेपासून ९० दिवसांत नोंद करावी, असे कायदा सांगतो. मुदत उलटली तरी दार बंद होत नाही, फक्त शुल्क वाढते. शुल्काची रक्कम लहान आहे. उशीर खरा महाग पडतो तो दुसऱ्याच कारणाने: भटजी सापडत नाहीत, साक्षीदार परगावी गेलेले असतात, पत्रिका रद्दीत गेलेली असते.

चार प्रश्नांची उत्तरे

अर्जाला ‘नमुना ड’ म्हणतात. सोबतची कागदपत्रे चार प्रश्नांची उत्तरे देतात.

पहिला प्रश्न, हे दोघे कोण आणि राहतात कुठे? त्यासाठी दोघांचे आधार, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र किंवा शिधापत्रिका. दुसरा, लग्नाच्या दिवशी त्यांचे वय किती होते? वर २१ आणि वधू १८ वर्षे पूर्ण असायला हवी. त्यासाठी जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा पासपोर्ट. तिसरा, लग्न खरोखर झाले का? याचे उत्तर पत्रिका, लग्नविधीचा दोघे एकत्र असलेला फोटो आणि विधी लावणाऱ्याची सही मिळून देतात. मुस्लिम विवाहात निकाहनामा आणि काझींची सही लागते. चौथा, दोघे लग्नाला मोकळे होते का? घटस्फोट झालेला असेल तर न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रत, आणि आधीचा जोडीदार वारला असेल तर त्याचा मृत्यूचा दाखला. इथे एक तारीख नीट तपासतात. हुकूमनामा आणि त्यावरच्या अपिलाची मुदत, दोन्ही नव्या लग्नाच्या आधी संपलेली हवीत.

पत्रिका नसेल तर? साखरपुड्याला जमले आणि वडीलधाऱ्यांनी तिथेच लग्न उरकले, असे आपल्याकडे सर्रास होते. घरातल्या पत्रिकेवर मग साखरपुड्याचीच तारीख असते, किंवा पत्रिकाच नसते. अशा वेळी लग्नाची तारीख, स्थळ आणि पत्रिका न छापल्याचे कारण लिहून प्रतिज्ञापत्र करतात. पत्रिका छापलेली असली तरी त्यातली तारीख, स्थळ आणि अर्जातला मजकूर एकच हवा. स्वागत समारंभाची पत्रिका वेगळी असेल तर ती लावू नये.

तीन साक्षीदार

महाराष्ट्रात साक्षीदार तीन लागतात. दोघांना घेऊन गेलेले लोक हमखास परत येतात. निबंधकाने लग्न पाहिलेले नसते, साक्षीदारांनी ते पाहिलेले असते. त्यामुळे ते सज्ञान असावेत, लग्नाला हजर राहिलेले असावेत आणि दोघांना ओळखणारे असावेत. नात्यातले असले तरी चालतात. प्रत्येकाचे ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि पासपोर्ट आकाराचा फोटो लागतो. नुसत्या झेरॉक्सवर काम होत नाही, मूळ कागद दाखवावे लागतात.

साक्षीदार निवडताना मानपानाचा विचार बाजूला ठेवावा. थोरल्या मामांना मान म्हणून नाव दिले आणि ते नागपूरला राहत असले, तर एका सहीसाठी सगळ्यांची तारीख अडते. जवळ राहणारे, कामाच्या दिवशी सकाळी येऊ शकणारे आणि ओळखपत्रावर नाव-पत्ता नीट असलेले तिघे पाहावेत. चौथा माणूस कागदांसह तयार ठेवला तर उत्तम.

एक उदाहरण

समजा, स्नेहल आणि मंदार यांचे लग्न १२ फेब्रुवारी २०२५ रोजी कराडला झाले. मंदारचे घर पुण्यात आहे, म्हणून नोंद पुण्यात करायची. ९० दिवस १३ मे रोजी भरतात. मंदारला कंपनीमार्फत परदेशी जायचे आहे आणि स्नेहलच्या व्हिसासाठी विवाह प्रमाणपत्र हवे आहे.

दोघे एप्रिलमध्ये अर्ज भरायला बसतात आणि तीन गोष्टी अडतात. पहिली, स्नेहलच्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव ‘दत्तात्रय’ आहे, आधारवर ‘दत्ता’. दुसरी, लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळात तिचे नवे नाव ‘मधुरा’ लिहिले, आणि हौसेने तिने लगेच आधारवर ‘मधुरा मंदार’ असा बदल करायला अर्ज टाकला आहे. तिसरी, भटजी कराडचे.

दुसरी गोष्ट सर्वांत अडचणीची. नमुना ड मध्ये वधूचे लग्नाआधीचे नाव लागते आणि ते वयाच्या पुराव्याशी जुळावे लागते. दाखल्यावर स्नेहल आणि आधारवर मधुरा असेल, तर ही एकच व्यक्ती आहे हे आणखी कागदांनी सिद्ध करत बसावे लागते. म्हणून क्रम उलटा हवा. आधी माहेरच्या नावाने लग्नाची नोंद, मग त्या प्रमाणपत्राच्या आधारे आधार, पॅन आणि बँकेतले बदल. स्नेहलने बदलाचा अर्ज थांबवला तर अर्धे काम सोपे होते. आणि नाव बदलायचे की नाही हा तिचा प्रश्न. कायदा त्याची सक्ती करत नाही.

‘दत्ता’ आणि ‘दत्तात्रय’ यांचा फरक प्रतिज्ञापत्राने मिटू शकतो. पण व्हिसाचे काम असल्याने पासपोर्टवर जे नाव आहे तेच अर्जात, इंग्रजी स्पेलिंगसह, अक्षर न् अक्षर लिहिणे शहाणपणाचे. परदेशी वकिलातीत प्रमाणपत्र आणि पासपोर्ट शेजारी ठेवून वाचतात.

भटजींसाठी मंदारला कराडची एक खेप करावी लागते. अर्जावर त्यांचे नाव, पत्ता, वय आणि सही हवी, शिवाय बरेचदा त्यांच्या ओळखपत्राची प्रतही मागतात. हा सगळा खटाटोप लग्नाच्या दिवशीच वाचला असता. नमुना ड ची छापील प्रत मांडवात नेऊन, दक्षिणा देतानाच भटजींची सही आणि आधारची प्रत घेतली की झाले.

ठरल्या दिवशी दोघे आणि तीन साक्षीदार मूळ कागदांसह हजर होतात. अर्जावर कोर्ट फीचा स्टॅम्प आणि सर्वांचे फोटो लावलेले असतात. निबंधक मूळ कागद प्रतींशी ताडून पाहतात, सर्वांच्या सह्या समोर घेतात आणि नोंदवहीत नोंद करतात. त्यावरून मिळणारे प्रमाणपत्र ‘नमुना इ’ मध्ये असते. त्यावर नोंदवहीचा खंड आणि अनुक्रमांक असतो. प्रमाणपत्र हरवले तर त्याच आकड्यांवरून दुसरी प्रत निघते, म्हणून ते वेगळे लिहून ठेवावेत.

प्रमाणपत्र हातात पडले की खिडकी सोडण्याआधी ते वाचा. दोघांची नावे, वडिलांची नावे, लग्नाची तारीख आणि स्थळ एवढे तपासायला दोन मिनिटे लागतात. सही होण्याआधी मसुदा दाखवत असतील तर त्याहून चांगले. नंतर चूक सापडली तर दुरुस्तीचा अर्ज, पुरावे आणि पुन्हा फेऱ्या आल्याच.

घरात लग्न ठरले असेल, तर याद्या करताना एक ओळ वाढवा: नमुना ड, भटजींची सही, तीन साक्षीदार, पत्रिकेच्या दोन जादा प्रती. आणि ही नोंद होईपर्यंत कोणत्याही कागदावरचे नाव बदलू नका.