तिसऱ्या दिवसाचा पाहुणा

पाहुणचारावरच्या म्हणी आपल्याकडे दोन ठिकाणी राहतात. 'अतिथी देवो भव' आणि 'मेहमान अल्लाह की रहमत' या दिवाणखान्यात राहतात; त्या आपण पाहुण्यासमोर मोठ्याने म्हणतो. दुसऱ्या काही म्हणी स्वयंपाकघरात राहतात. त्या हळू आवाजात, भाकरी थापता थापता म्हटल्या जातात. मराठीत त्यातली एक अशी: 'पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल गेली.' गावोगावी शब्द थोडे बदलतात, पण तिसरा दिवस बदलत नाही. त्यातला 'पई' आता एकटा कुठे भेटत नाही, 'पैपाहुणा' या जोडशब्दात मात्र अजून टिकून आहे. आपल्या घरांतल्या नानी-दादी हेच दखनी वळणाच्या हिंदीत सांगतात: 'एक दिन मेहमान, दो दिन मेहमान, तीसरे दिन बला-ए-जान.'

दोन भाषा, दोन परंपरा आणि दिवस मात्र तोच. हा योगायोग आम्हाला बराच काळ खुणावत होता, कारण तीन दिवसांचा हिशेब आपल्या ओळखीचाच आहे. ह. अबू शुरैह (रजि.) यांनी सांगितलेली, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेली हदीस अनेक वाचकांना माहीत असेल. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पाहुण्याचा आदर हा ईमानशी जोडला. एक दिवस आणि एक रात्र पाहुण्याची खास सरबराई, तीन दिवसांपर्यंत पाहुणचार आणि त्यापुढे यजमान जे करील तो सदका, असा त्याचा आशय आहे. येथपर्यंतचा भाग जुम्याच्या बयानात नेहमी ऐकू येतो. पुढचा भाग त्यामानाने कमी ऐकू येतो: यजमानाला अडचणीत टाकेपर्यंत मुक्काम करणे पाहुण्याला योग्य नाही. मुस्लिममधल्या एका रिवायतीत सहाबांनी यावर विचारलेही आहे, की पाहुणा यजमानाला अडचणीत टाकतो म्हणजे काय करतो? उत्तराचा आशय असा की, यजमानाजवळ पाहुण्यापुढे ठेवायला काही उरलेले नसताना तो तिथेच राहतो.

म्हण आणि हदीस यांत फरक आहे तो येथे. म्हण तिसऱ्या दिवशी कपाळाला आठी घालते. हदीस तीन दिवस पुरे होईपर्यंत पाहुण्याचा हक्क मानते, आणि त्यानंतरही दार लावत नाही. फक्त आता हा हक्क नव्हे, उपकार आहे, एवढे पाहुण्याच्या लक्षात आणून देते. शिवाय दिवस मोजण्याबरोबर ती यजमानाकडे काय उरले आहे तेही मोजते. आजच्या फ्लॅटमध्ये म्हणी वाचायच्या तर हे दुसरे माप जास्त कामाचे आहे.

कारण संपते काय, ते आता बदलले आहे. पूर्वी संपायचे ते धान्य. जागा संपत नसे. आपल्या शहरातली, म्हणजे छत्रपती संभाजीनगरातली (जुन्या पिढीच्या तोंडी अजून औरंगाबादच) जुन्या मोहल्ल्यांतली घरे आठवून पाहा. दारातून आत शिरले की पुरुषांची बैठक, मधे आंगण, मग जनाना. पाहुणा बैठकीत उतरे. तो चार दिवस राहिला तरी घरातल्या बाईला आंगणात धुणे वाळत घालायला, डोक्यावरचा पदर सैल करून बसायला अडचण नसे. वाटसरूंचा भार तर सगळा घरांवर पडतही नसे. खाम नदीकाठची पाणचक्की आपण आज सहलीला दाखवतो, पण ती मुळात पाहुणचाराचे यंत्र होती. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर जाते फिरवायचे, आणि ते पीठ बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहमध्ये उतरणाऱ्या फकीर-मुसाफिरांच्या रोटीला जायचे. गावाला सराई होती, खानकाह होती. म्हणून घराला 'तीन दिवस' झेपत.

आता एक बेडरूम, एक हॉल आणि हॉलमध्येच उघडणारे स्वयंपाकघर. बैठक, आंगण आणि जनाना एकाच खोलीत आले. हॉलमध्ये परका पुरुष बसला की घरातली बाई सकाळपासून रात्रीपर्यंत ओढणी सावरत गॅसपुढे उभी. पोळी एखाददुसरी जास्त लाटणे अवघड नसते. दोघांचे जेवण तिघांना पुरते, हे आपल्याला हदीसनेच शिकवले आहे, आणि रश्शात पाणी वाढवण्याची शिकवणही तिथलीच. आपल्या शहराची नान-खलियाच पाहा ना, पातळ रस्सा आणि मोठी नान, पंगतीसाठीच जन्मलेली. पण झोपायची जागा पातळ करून वाढवता येत नाही. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण खर्चाबद्दलची; हल्ली मात्र ती शब्दशः अंथरुणाबद्दलच वाचावी लागते.

आणि पाणी. आपल्या शहरात अनेक वसाहतींत नळाला पाणी कित्येक दिवसांनी येते, हे बाहेरगावच्या पाहुण्याला माहीत नसते. समजा, एका घरात पाच माणसे आहेत, टाकी एक हजार लिटरची आहे आणि पाणी सहा दिवसांनी येते. माणशी रोजचे जेमतेम तेहतीस लिटर पडतात, त्यात आंघोळ, वजू, भांडी, धुणे, संडास सगळे आले. आता दोन पाहुणे आले. तेवढ्याच काटकसरीने वापरले तरी सात माणसांना रोज दोनशे तीस लिटर लागतात, आणि टाकी पाचव्या दिवशी दुपारच्या आत कोरडी होते. पाहुणा नळ सोडून दात घासत असेल तर चौथ्याच दिवशी. 'यजमानाजवळ काही उरलेले नसताना' याचा अर्थ या शहरात पुष्कळदा टाकीत काठी घालून पाहिला की कळतो.

यावर कुणी म्हणेल, मग लोकांनी येऊच नये का? तसे नाही. या शहरात पाहुणे हौसेने कमी आणि गरजेने जास्त येतात. विभागाचे ठिकाण असल्यामुळे कुणाची खंडपीठात तारीख असते, कुणाच्या मुलाचा विद्यापीठात प्रवेश असतो, आणि सगळ्यांत जास्त लोक येतात ते घाटी रुग्णालयात. बीड, जालना, परभणीकडचा माणूस आपल्या रुग्णासोबत येतो तेव्हा त्याचा मुक्काम तीन दिवसांत संपणार नाही हे पहिल्याच दिवशी ठरलेले असते. त्याला 'अक्कल गेली' म्हणणे हा अन्याय आहे.

आमच्या ओळखीतल्या एका घरात असाच मुक्काम झाला. घरात नवरा-बायको, दोन मुली आणि दादी. परभणीकडून फुफी आणि तिचा मुलगा आले. फुफीची सून घाटीत दाखल होती. मुक्काम आठ दिवसांचा निघाला. पहिले दोन दिवस नेहमीसारखे गेले, म्हणजे सगळे हसत होते आणि कुणीच झोपत नव्हते. मुलगा हॉलमध्ये आणि बाकीच्या पाच बाया एका बेडरूममध्ये, घरधनी दाराजवळच्या चिंचोळ्या जागेत.

तिसऱ्या दिवशी फुफीनेच हिशेब मांडला. रात्री सुनेजवळ बाईमाणूस हवेच, तर मी रात्रभर तिथे राहते आणि सकाळी येऊन झोपते. मुली शाळेत गेल्यावर खोली रिकामीच असते. मुलाने दिवसभर रुग्णालयात थांबायचे, नमाज आणि दुपारचे जेवण बाहेर उरकायचे, रात्री इशानंतर झोपायला यायचे. एवढ्याने घरात एका वेळी एकच पाहुणा उरला. मुलगा रात्री उशिरा येई आणि फजरलाच निघे, त्यामुळे घरातल्या बाईचा दिवस तिला परत मिळाला. फुफीने गावाकडून ज्वारीचे पीठ आणि शेंगदाणे आणलेच होते. चौथ्या दिवसापासून मुलगा येताना पिण्याच्या पाण्याचा जार घेऊन येऊ लागला. घरधन्याला ते जरा लागले, पाहुण्याने पाणी विकत आणायचे म्हणजे काय! दादीने त्याला गप्प केले. तीन दिवस आपले होते, ते आपण केले; आता त्याला हातभार लावू दे, असे तिचे म्हणणे. आम्हाला दादीचे पटते. पाहुण्याचा हातभार नाकारणे हा मोठेपणा नेहमीच नसतो; कधी कधी त्यामुळेच पाहुण्याला राहणे जड होते.

त्या घरातल्या बाईशी आम्ही नंतर बोललो. ती शाळेत शिकवते. तिला कष्टाची तक्रार नव्हती. तिची खंत एवढीच, की फुफीचा फोन नवऱ्याला आला, 'या, घर तुमचेच आहे' असे नवऱ्याने सांगितले आणि तिला संध्याकाळी शाळेतून आल्यावर कळले. आम्ही मग पाहुण्यांवरच्या आठवतील तेवढ्या म्हणी आठवून पाहिल्या. त्यांत पाहुणा आहे, घर आहे, ताट आहे. स्वयंपाक करणारीचे मत कुठेच नाही. 'घरचे झाले थोडे, व्याह्याने धाडले घोडे' एवढीच म्हण तिच्या बाजूने थोडी बोलते. (ते घोडे आता चारचाकी झाले आहे आणि चारा मागत नाही, पण सोसायटीत ते बांधायचे कुठे, यावरून चौकीदाराशी वाद होतोच.)

'मान न मान, मैं तेरा मेहमान' ही म्हण आपण थट्टेत घेतो. सूरह नूरमध्ये मात्र परवानगी घेतल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नये, आणि परत जा असे सांगितले तर परत जावे, असा स्पष्ट आदेश आहे. परत जाणे हेच अधिक पवित्र म्हटले आहे, त्यात अपमान मानलेला नाही. तीनदा सलाम करून उत्तर आले नाही तर माघारी फिरण्याची शिकवणही आहे. आपल्याकडे हल्ली फोन येतो तो असा: 'खाली उभे आहोत, कितवा मजला?' ही परवानगी नव्हे, ही बातमी आहे.

परवानगी घेणे म्हणजे यजमानाला नाही म्हणायची जागा ठेवणे. एक-दोन दिवस आधी फोन करावा, आणि शक्यतो घर सांभाळणारीलाच. किती जण येणार, कशासाठी, कधी निघणार, हे आपणहून सांगावे. रुग्णाचे काम असेल तर मुक्काम लांबू शकतो हेही तेव्हाच सांगून टाकावे. समोरून 'शनिवारी नको, रविवारी या' असे आले तर त्यामागे बहुधा मुलीची परीक्षा असते, किंवा रिकामी टाकी. म्हणून या शहरात यायचे तर आणखी एक प्रश्न विचारून ठेवावा: 'तुमच्याकडे पाणी कोणत्या दिवशी येते?'