नट गेला तरी चालेल, बोल्ट वाचवा!

समुद्राजवळच्या गावात भाड्याच्या फ्लॅटवर राहत असाल, तर बाल्कनीच्या रेलिंगचे नट बघा. खांबाखाली लोखंडी प्लेट असते, तिच्या चार भोकांतून स्लॅबमध्ये गाडलेले बोल्ट वर आलेले असतात आणि त्यांवर गंजून बोल्टशी एकजीव झालेले नट. वायसर बदलायचा असो नाहीतर प्लेट रंगवायची असो, आधी नट निघायला हवा. तो निघत नाही, मग दोघं मिळून पान्याला पाइप लावून जोर करतात आणि बोल्ट तुटतो. नट पाच-दहा रुपयांचा, पण बोल्ट काँक्रीटमध्ये आहे. तो तुटला की स्लॅबमध्ये ड्रिल करावं लागतं आणि मग घरमालक तुमच्या डिपॉझिटकडे बघायला लागतो.

नट अडकतो कारण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो. आट्यांमधल्या बारीक फटीत तो फुगून पाचर मारल्यासारखा बसतो. गंज सोडवायचं तेल टाकून रात्रभर ठेवा, सकाळी पाना लावून बघा. त्याआधी एक छोटी गोष्ट करा. नटावरून बोल्टच्या टोकावर जाणारी एक सरळ रेघ मार्करने ओढा. नट फिरला आणि बोल्टवरची रेघ जागेवर राहिली, तर काम झालं. दोन्ही रेघा एकत्र सरकत असतील तर नट सुटत नाहीये, बोल्ट पिळला जातोय. हाताला हे रबरासारखं, मऊ लागतं. तिथेच थांबा. आता नट फिरवायचा नाही, कापायचा.

समजा बोल्ट एम-१० आहे, नटाला १७ चा पाना बसतो. म्हणजे नटाच्या चपट्या बाजूपासून बोल्टपर्यंत लोखंड आहे जेमतेम साडेतीन मिलिमीटर. तेवढंच तोडायचंय.

नटाभोवती जागा असेल तर नट स्प्लिटर सगळ्यात सोपा. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. लोखंडी कडं, त्यात एक पातं आणि मागून ढकलणारा स्क्रू, एवढाच त्याचा कारभार. कडं नटावर चढवा, पातं चपट्या बाजूच्या बरोबर मध्ये येऊ द्या. कोपऱ्यावर लोखंड जाड असतं, तिथे लावू नका. मग पान्याने स्क्रू हळूहळू आवळा. ‘टक्’ असा आवाज आला आणि स्क्रू एकदम हलका झाला की नट तडकला. त्यापुढे आवळत राहिलात तर पातं थेट आट्यांत घुसेल, त्यामुळे प्रत्येक अर्ध्या फेरीनंतर डोकावून बघा. नट तरीही घट्ट असेल तर स्प्लिटर फिरवून समोरच्या बाजूनेही तडा द्या. गॉगल लावाच, तुकडा उडतो. आणि नट स्टेनलेस स्टीलचा असेल तर हा मार्ग सोडा. तो चिवट असतो, तडकण्याऐवजी दबत जातो आणि पात्याची धार जाते.

कडं बसायला जागा नसेल किंवा नट स्टेनलेसचा असेल, तर हॅक्सॉ. इंचाला २४ दात असलेलं ब्लेड घ्या, दात पुढच्या दिशेला. नट आडवा कापायचा नाही, ही चूक बरेच जण करतात आणि बोल्टही कापून बसतात. ब्लेड नटाच्या माथ्यावर, बोल्टला अगदी लागून पण त्याला न घासता ठेवा आणि सरळ खाली प्लेटकडे उतरत जा. नटाची एक बाजू फोडीसारखी सुटते. आठेक मिलिमीटर उंची आहे, सावकाश मोठे हात मारा, मध्येमध्ये तेलाचा थेंब टाका. वायसर दिसला की थांबा. आता बोल्टभोवती त्या बाजूला नटाची पातळ भिंत उरते. तिच्यावर छिन्नी उभी धरून दोन-चार हलके ठोके दिले की ती फाटते, नटाची पकड सुटते आणि उरलेल्या चपट्या बाजूंना पाना लावून तो फिरवता येतो.

हे सगळं उंचावर चाललंय, हे मात्र विसरू नका. एका वेळी एकच नट काढा, बाकीचे तीन जागेवर असू द्या आणि काम संपेपर्यंत त्या रेलिंगला कुणी टेकायचं नाही. खांब आधीच डुगडुगत असेल तर हात न लावता फॅब्रिकेटरला बोलवा.

नट निघाला की तारेच्या ब्रशने आटे घासा आणि नवा नट हाताने फिरवून बघा. पहिल्या आट्यावर ब्लेडचा ओरखडा असेल तर फार बिघडत नाही, कानशीने कड काढली की नट चढतो. खरी नजर हवी ती प्लेटच्या पातळीवर, कारण पाणी तिथे साचतं. बोल्ट तिथे कंबर आवळल्यासारखा बारीक झाला असेल तर नवा नट लावून उपयोग नाही, तो बोल्टच बदलायला हवा. तसा नसेल तर आट्यांना ग्रीस लावून नवा वायसर आणि नट आवळा, आणि मगच पुढच्या नटाला हात घाला.